वकीलपत्र नव्हतं, मग मी अशील नव्हतेच का?

वाचकाचं पत्र

माझं माहेर कसब्यात. वडील 2016 मध्ये गेले, आई 2021 मध्ये. वाड्याच्या जागेसाठी आता बिल्डर आलाय. वडील गेल्यावर मी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर हक्क सोडला, असं भाऊ म्हणतो. तो कागद नोटरी केलेला आहे, नोंदवलेला नाही. जूनमध्ये आतेभावाच्या ओळखीनं शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका वकिलांकडे गेले. आतेभाऊ बरोबरच होता. तासभर बसलो, कागद दाखवले, रात्री व्हॉट्सॲपवरही पाठवले. "कागद टिकत नाही, वाटपाचा दावा लावा," असं ते म्हणाले. पंचेचाळीस लाख मिळाले तर मी मिटवून टाकेन, हे मी त्यांना सांगितलं. कागदावरची सही माझीच आहे, पण "माझी नाही" म्हटलं तर चालेल का, असंही विचारून बसले. ते "नाही" म्हणाले. दीड हजार फी यूपीआयनं दिली. पुढे घरात आजारपण निघालं आणि वकीलपत्रावर सही करायची राहिली. गेल्या आठवड्यात त्याच वकिलांची नोटीस आली, भावाच्या वतीनं. पंधरा दिवसांत उत्तर मागितलंय आणि देऊ केलेली रक्कम पंचेचाळीस लाख! नवरा म्हणतो, वकीलपत्रच नाही तर तू त्यांची अशील नव्हतीसच. ते माझं बोलणं कोर्टात सांगतील का? आणि अशा माणसाची सनद जायला नको का?

— एक वाचक, पुणे

उत्तर

ताई, आधी तुमच्या यजमानांचा मुद्दा घेऊ, कारण पुण्यातल्या निम्म्या पक्षकारांचा आणि काही वकिलांचाही हाच समज असतो. वकीलपत्र हा कोर्टाला दाखवायचा कागद आहे. "या माणसाला माझ्या वतीनं बोलायचा अधिकार दिलाय," एवढंच तो सांगतो. वकील आणि अशील यांचं नातं त्या कागदानं जन्माला येत नाही. तुम्ही कायद्याचा सल्ला घ्यायला गेलात, त्यांनी कागद वाचले आणि दावा लावा असं सांगितलं, म्हणजे तेवढ्या कामापुरते ते तुमचे वकील झाले. फी दिली हे पुरावा म्हणून उत्तम, पण फी घेतली नसती तरी फरक पडला नसता.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलांच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल एक प्रकरण आहे. त्यातला नियम 33 तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. त्याचा आशय असा: दावा, अपील किंवा दुसरं कुठलं प्रकरण दाखल करण्याच्या संदर्भात ज्या वकिलानं कधीही सल्ला दिला असेल, किंवा मसुदा केला असेल, किंवा एखाद्या पक्षातर्फे काम केलं असेल, त्यानं विरुद्ध पक्षातर्फे काम करू नये, उभं राहू नये. यात "सल्ला दिला असेल" हे वेगळं, स्वतंत्रपणे लिहिलंय. वकीलपत्र दाखल झालेलं असलंच पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही.

अर्थात कुठल्याही भेटीला हा नियम लागत नाही. तुम्ही फोन करून "वाटपाच्या दाव्याची फी किती?" एवढंच विचारलं असतं, तर उद्या तेच वकील भावाकडून उभे राहिले तरी तक्रारीला जागा नव्हती. तुम्ही सगळी हकीकत सांगितली आणि ते "कागद घेऊन या, मग बघू" म्हणाले असते, तर प्रकरण अधांतरी राहिलं असतं: सल्ला दिला की नाही यावर वाद झाला असता, पण सल्ल्यासाठी विश्वासानं सांगितलेलं गुप्त ठेवण्याची जबाबदारी तरीही त्यांच्यावर आलीच असती. तुमच्या बाबतीत त्यांनी कागद पाहिले, त्याच्या बळावर मत दिलं आणि कोणता दावा लावायचा तेही सांगितलं. हे नियम 33 च्या अगदी मधोमध बसतं.

आता पंचेचाळीस लाखांकडे येऊ. वकिलांनी आकडा फोडला, अशी तुमची खात्री झालेली दिसते. तसं घडलंही असेल. पण पत्र पुन्हा वाचा: खोलीत तिसरा माणूस होता. तो तुमचा आतेभाऊ, म्हणजे तुमच्या भावाचाही आतेभाऊच. वकिलांची ओळख त्याचीच. उद्या तुम्ही "यांनी गुपित फोडलं" असं लिहून दिलंत, तर समोरचा पहिला प्रश्न विचारेल की आकडा आणखी कुणाला माहीत होता? तिथं तुमची बाजू लंगडी पडेल. शिवाय बिल्डरनं दिलेल्या प्रस्तावाचा हिशेब करून भाऊ स्वतःच त्या आकड्यापर्यंत पोचला असणंही अशक्य नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली, गुप्तता मोडणं. त्यासाठी वकिलांनी सांगितलं हे दाखवावं लागतं, आणि ते फार अवघड असतं. दुसरी, विरुद्ध बाजूनं उभं राहणं. तिथं काहीही फुटल्याचं सिद्ध करावं लागत नाही. त्यांनी तुम्हाला या वादात सल्ला दिला आणि आता याच वादात ते भावाचे वकील आहेत, इतकं पुरे. नियम असा का, तर नेमकं तुमच्यासारख्या अवस्थेमुळे. वकिलाच्या डोक्यातून काय बाहेर गेलं, हे अशिलाला कधीच दाखवता येत नाही. आणि वकील कितीही सचोटीचा असला तरी समोरची बाई कुठे वाकेल हे माहीत असलेला माणूस तडजोडीच्या बोलणीत ते विसरून बसू शकत नाही. भावाच्या बाजूनंही पाहा: त्याच्या वकिलानं त्याच्यासाठी पूर्ण ताकद लावायची तर तुमचं गुपित वापरावं लागतं, आणि गुपित राखायचं तर भावाचं काम अर्धवट करावं लागतं. दोघांतल्या एकाचा विश्वासघात ठरलेलाच.

तुमच्या हातात असलेली भक्कम गोष्ट ही दुसरी आहे. तक्रारीचा, अर्जाचा सगळा भार तिच्यावर ठेवा. आकड्याचा उल्लेख करायचाच झाला तर एका वाक्यात, "माझी तडजोडीची तयारी मी त्यांना विश्वासानं सांगितली होती," इतकाच. आकडा लिहू नका. लोक तक्रारीत आपणच आपली गुपितं सविस्तर लिहून काढतात आणि मग ती प्रत समोरच्याला जाते.

आतेभावाबद्दल आणखी एक. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायदा संरक्षण देतो ते गोपनीय बोलण्याला. ज्याचं कामच नाही असा माणूस शेजारी बसला असेल, तर हे बोलणं गोपनीय नव्हतंच असं म्हणायला समोरच्याला वाव मिळतो. वकिलाचा कारकून, दुभाषा किंवा ऑफिसातले कर्मचारी यांना मात्र तेच बंधन लागू असतं. त्यांच्यासमोर बोलल्यानं काही बिघडत नाही. आतेभाऊ यांपैकी कुणीच नाही आणि त्याच्या तोंडाला कायद्याचं कुलूप नाही. भाऊ उद्या त्याला साक्षीदार म्हणून बोलावू शकतो.

यामुळेच तुमचा सहीचा प्रश्न मला आकड्यापेक्षा जास्त गंभीर वाटतो. वकील ते कोर्टात सांगू शकतात का, हे आधी पाहू. 1 जुलै 2024 पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम 132 प्रमाणे अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला अशिलानं सांगितलेलं, अशिलाच्या कागदांतला मजकूर किंवा आपण दिलेला सल्ला उघड करता येत नाही. काम संपलं तरी हे बंधन संपत नाही. तेव्हा "आता मी भावाचा वकील आहे, मला बोलायला मोकळीक आहे," असं त्यांना म्हणता येणार नाही.

पण या कलमाला अपवाद आहेत. बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी केलेलं बोलणं संरक्षित नाही. वकिलानं आपलं काम सुरू झाल्यानंतर गुन्हा किंवा फसवणूक घडल्याचं स्वतः पाहिलं असेल, तर तेही नाही. कायद्यानं स्वतःच उदाहरणं दिली आहेत. अशील म्हणतो, "मी बनावट दस्त केलाय, माझा बचाव करा." हे संरक्षित, कारण घडून गेलेल्या गुन्ह्यात बचाव मागणं हा गुन्हा नाही. अशील म्हणतो, "हा बनावट दस्त वापरून मला मिळकतीचा ताबा मिळवायचाय, दावा लावून द्या." हे संरक्षित नाही, कारण इथं वकिलाला पुढच्या फसवणुकीचं हत्यार बनवलं जातंय.

तुमचा प्रश्न या दोन उदाहरणांच्या मधे कुठेतरी पडतो. "असं म्हटलं तर चालेल का?" असं विचारणं आणि "नाही" हे उत्तर ऐकून गप्प बसणं म्हणजे सल्ला मागणं. अशील असे प्रश्न विचारतात, आणि ते वकिलालाच विचारलेले बरे. तिथंच थांबलात तर तुम्हाला घाबरायचं कारण नाही, असं माझं मत आहे. पण उद्या तुम्ही खरोखरच "सही माझी नाही" असं प्रतिज्ञापत्रावर लिहिलंत, तर तोच प्रश्न खोट्या पुराव्याच्या तयारीसारखा दिसू लागेल. मग संरक्षणाचा आधार डळमळीत होईल, खोट्या पुराव्याचं प्रकरण वेगळं मागे लागेल आणि आतेभाऊ आहेच.

शिवाय त्या खोट्याची गरजही नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. न नोंदवलेल्या कागदानं हक्क गेला असं सिद्ध करता येत नाही. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही. म्हणजे सही तुमची आहे हे मान्य करूनही तुम्ही उभ्या राहू शकता. त्या वकिलांनी तुम्हाला सल्ला चुकीचा दिला नव्हता, हे त्यांच्या बाजूनं म्हणायलाच हवं.

त्यांच्या बाजूनं आणखी एक शक्यता बोलून ठेवतो. तुमचं आडनाव सासरचं, भावाचं माहेरचं. जूनमध्ये तासभर भेटलेली बाई आणि नंतर आलेला गृहस्थ बहीण-भाऊ आहेत, हे गर्दीच्या ऑफिसात पहिल्या दिवशी सुटून जाऊ शकतं. पण नोटीस लिहिताना ते सुटणं मला पटत नाही. नोटिशीवर तुमचं नाव आणि पत्ता आहे, प्रॉपर्टी कार्ड तेच आहे, हक्कसोडपत्र तेच आहे. तरीही त्यांना बाहेर पडायची एक संधी द्या. त्यात तुमचाही फायदा आहे.

सुरुवात त्यांना पत्र लिहून करा, नव्या वकिलांमार्फत किंवा स्वतः, स्पीड पोस्टानं आणि ईमेलनंही. मजकूर पाच-सहा ओळींचा असावा: अमुक तारखेला मी तुमच्याकडे याच मिळकतीबाबत सल्ला घेतला, अमुक तारखेला फी दिली, कागद पाठवले, तुम्ही मत दिलंत, म्हणून या वादात तुम्ही माझ्या भावातर्फे काम करू शकत नाही, कृपया बाहेर पडा आणि मी सांगितलेलं कुणालाही उघड करू नका. आरोप नको, शिव्या तर नकोच. पुष्कळ प्रकरणं इथंच संपतात. वकील "काही अडचणीमुळे" म्हणून काम सोडतात. भावाला त्यांनी कारण सांगितलं नाही तर रागावू नका. तुम्ही काय सांगितलंत हे गुप्त असतं, आणि ते सांगितल्याशिवाय कारणही धड सांगता येत नाही.

ते बाहेर पडले नाहीत आणि दावा दाखल झाला, तर पहिल्याच तारखांना त्याच कोर्टात हरकतीचा अर्ज द्या. वेळ इथं फार मोलाची आहे. तुम्ही कैफियत दिली, दोन वर्षं तारखा केल्या आणि साक्षी सुरू झाल्यावर हरकत घेतली, तर न्यायाधीशांना हा खटला लांबवायचा डाव वाटेल. शिवाय काही पक्षकार मुद्दाम गावातल्या चार चांगल्या वकिलांकडे अर्धा-अर्धा तास बसून येतात, समोरच्याला कुणी मिळू नये म्हणून. घटस्फोटाच्या प्रकरणांत हा प्रकार ऐकायला मिळतो. तुम्ही त्यातल्या नाही, हे एक भेट, एक फी आणि त्याच रात्री पाठवलेले कागद यांवरून दिसलं पाहिजे.

म्हणून पुरावा आजच जपा. यूपीआयची पावती आणि बँकेच्या खातेउताऱ्यातली ती नोंद. व्हॉट्सॲपवरचं संभाषण, त्यांच्या उत्तरासकट. मेसेज आपोआप पुसले जायची सोय चालू असेल तर आधी ती बंद करा. फोन बदलायचा असेल तर थांबा. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते देताना मूळ फोन हाताशी असलेला बरा. भेटीची वेळ ठरवल्याचा कॉल किंवा मेसेजही ठेवा. नुसते स्क्रीनशॉट काढून बाकी सगळं पुसू नका.

आता सनदेबद्दल. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 35 खाली तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते. आपल्यासाठी ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबईत. पुणे बार असोसिएशनकडे गेलात तर ते मध्यस्थी करतील, पण त्यांना शिक्षेचा अधिकार नाही. कौन्सिलला गैरवर्तन झालं असावं असं मानायला कारण दिसलं, तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवलं जातं. समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून काढू शकते. नाव काढणं ही शेवटची पायरी. एकाच मारामारीच्या प्रकरणात आधी एका पक्षाचं आणि मग दुसऱ्याचं काम घेणाऱ्या राजस्थानातल्या एका वकिलाचं प्रकरण 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. एका पक्षाचं काम हातात असताना दुसऱ्याचं घेणं व्यावसायिक शिष्टाचाराला धरून नाही, असं न्यायालयानं तेव्हा स्पष्ट सांगितलं. त्या वकिलाला निलंबनाची शिक्षा झाली, नाव पटावरून गेलं नाही.

2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्याच राज्याच्या बार कौन्सिलकडून आलेल्या एका प्रकरणात असा निकाल दिला, की तक्रारदार आणि वकील यांच्यात वकील-अशील नातंच नसेल, तर समोरच्या पक्षाच्या वकिलावर शिस्तभंगाची कारवाई सहसा टिकत नाही. राग आला म्हणून विरुद्ध वकिलाची तक्रार करणाऱ्यांसाठी तो दरवाजा जवळपास बंद झालाय. तुम्ही मात्र नुसत्या समोरच्या पक्षकार नाही, त्यांच्या पूर्वीच्या अशील आहात. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात जूनची भेट, फी आणि दिलेला सल्ला यावा, नोटिशीचा विषय त्यानंतर. क्रम उलटा झाला तर वाचणाऱ्याला ती भावाच्या वकिलाविरुद्धची तक्रार वाटेल.

ही तक्रार करून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत आणि वाड्यातला हिस्साही ठरणार नाही. ग्राहक आयोगात जाण्याचा विचार असेल तर तोही मार्ग नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये ठरवलंय. माझ्या मते आधी पत्र, मग गरज पडली तर कोर्टातली हरकत आणि त्यानंतर बार कौन्सिल, असा क्रम ठेवावा. पत्र मिळाल्यावर ते बाहेर पडले, तर तक्रार करावी की नाही हे तुम्ही ठरवा. ते हटून बसले तर मात्र जरूर करा. त्या पत्रानंतर "माझ्या लक्षात आलं नाही" हा बचाव त्यांच्याकडे उरत नाही.

नवीन वकिलांकडे जाताना फोनवर आधी फक्त नावं सांगा: तुमचं माहेरचं आणि सासरचं नाव, भावाचं नाव, वाड्याचा पत्ता, बिल्डरचं नाव. यांपैकी कुणाचं काम तुमच्याकडे किंवा तुमच्या ऑफिसातल्या कुणाकडे आहे का, एवढं विचारा. "नाही" असं उत्तर आल्यावरच हकीकत सांगायला घ्या. चांगला वकील हे स्वतःहून विचारतो. एका खोलीत बसणारे सीनियर आणि ज्युनिअर "आम्ही वेगवेगळे" म्हणाले तरी फाइली एकाच कपाटात असतात, हे ध्यानात ठेवा. भेटीला एकट्या जा. यजमानांना न्यायचं असेल तर ते का हवेत, हे वकिलांना आधी सांगा. आतेभाऊ नको.

आणि नोटिशीचं उत्तर पंधरा दिवसांच्या आत जाऊ द्या, हक्क राखून. त्यात हक्कसोडपत्र नोंदवलेलं नाही हा मुद्दा असावा, वकिलांबद्दलची हरकत असावी आणि पंचेचाळीस लाखांबद्दल होकारही नसावा, नकारही नसावा. तो आकडा तुम्ही जूनमध्ये कुठल्या हिशेबानं काढला होता, ते तुमचं तुम्हालाच पुन्हा तपासायला हवं. बिल्डर भावाला किती फूट आणि किती रोख देतोय याचा लेखी प्रस्ताव मागवा, एखाद्या व्हॅल्युअरकडून जागेची किंमत काढून घ्या, आणि मगच नवीन आकडा ठरवा. तो फक्त नव्या वकिलांना सांगा.